फोटोतल्या वेळापत्रकाचा तक्ता: आधी यादी, मग चौकटी

शाळेतल्या भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो समोर आला की पहिला मोह होतो तो एक्सेल उघडून, वर आठ तास आणि डावीकडे सहा वार मांडून, दिसेल तसं भरत सुटण्याचा. आम्हीही सुरुवातीला तसंच करायचो. तक्ता तासाभरात तयार व्हायचा आणि चुका कळायच्या त्या पुढच्या आठवड्यात, दोन शिक्षक एकाच वर्गाच्या दारात उभे राहिल्यावर. फोटोतलं अक्षर वाचणं हा या कामातला सोपा भाग आहे. कोणतं अक्षर नेमक्या किती चौकटींचं आहे, ही खरी मेख. ते कसं सोडवायचं, हे एका आठवीच्या वर्गाच्या वेळापत्रकावरून सांगतो.

या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार आठ तास आणि शनिवारी पाच तास होते. म्हणजे ५ गुणिले ८ आणि अधिक ५, एकूण ४५ जागा. हा आकडा फोटो नीट बघण्याआधीच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, कारण पुढची सगळी तपासणी त्याच्याभोवती फिरते.

फोटोबद्दल थोडंच. वेळापत्रक बहुतेक वेळा काचेच्या फ्रेममध्ये किंवा लॅमिनेट केलेलं असतं, त्यामुळे फ्लॅश मारला की मधोमध पांढरा गोळा उमटतो. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो समोरून आणि दोन फोटो किंचित डावी-उजवीकडे सरकून घ्यावेत. चकाकी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी जाते, म्हणून एकात झाकलेली चौकट दुसऱ्यात दिसते. स्कॅनिंगच्या ॲपमध्ये चार कोपरे धरून कागद सरळ करताना कागदाचे कोपरे न धरता तक्त्याच्या बाहेरच्या रेघेचे कोपरे धरावेत. कागदाची कड बऱ्याचदा वळलेली असते. ती धरली की आतल्या ओळी तिरक्या होतात आणि खालच्या वाराचा मजकूर वरच्या वारात गेल्यासारखा वाटतो.

फोटो काढणारा हमखास एक गोष्ट कापतो, ती म्हणजे तक्त्याखालची छोटी सारणी. त्याच्या लेखी ती तळटीप, आमच्या लेखी निम्मं काम. त्या सारणीत विषय, शिकवणाऱ्या शिक्षकांच्या नावाची आद्याक्षरं आणि आठवड्याच्या तासिका असतात. आमच्याकडे पहिला फोटो आला त्यात ती नव्हती. दुसरा मागवला, मग काम सुरू केलं. त्या सारणीत हे होतं: मराठी ६, हिंदी ५, इंग्रजी ७, गणित ८, विज्ञान ७, इतिहास ३, भूगोल ३, शारीरिक शिक्षण ३, चित्रकला २, संगणक २. बेरीज ४६. जागा ४५ आणि तासिका ४६. हा एकाचा फरक सारणीतली चूक समजून सोडून द्यायचा नाही. तो कुठून आला ते पुढे कळतं.

फोटोतून मजकूर उचलणाऱ्या ॲपने पहिली फेरी केली तेव्हा ४५ पैकी ३९ चौकटींतच काही आलं. गणित ८ ऐवजी ४, विज्ञान ७ ऐवजी ६, इतिहास ३ ऐवजी २, चित्रकला आणि संगणक एकेकच, आणि एक चौकट ‘चित्र/संग’ अशी, जी कुठल्याच विषयात मोजली जात नव्हती. बाकीचे विषय बरोबर. ज्या विषयाचा आकडा कमी, त्याच्याच चौकटींत काहीतरी दडलेलं आहे, एवढं या मोजणीतून लगेच समजतं. सगळा तक्ता पुन्हा वाचायची गरज उरत नाही.

गणितापासून सुरुवात केली. वर्गशिक्षक गणिताचे होते आणि पहिला तास रोज त्यांचाच, म्हणून तक्ता बनवणाऱ्याने सोमवार ते शुक्रवार पहिल्या तासाच्या पाच चौकटी उभ्या एकत्र करून मधे एकदाच ‘गणित’ लिहिलं होतं. मधे म्हणजे बुधवारच्या ओळीसमोर. ॲपला आणि घाईतल्या माणसालाही तो एकट्या बुधवारचा तास वाटतो. पाचातला एक मिळाला, चार हरवले. आठातून चार गेले की चार, हिशोब जुळला. विज्ञानाचं तसंच, फक्त आडवं: गुरुवारी सातवा आणि आठवा तास मिळून ‘विज्ञान प्रयोग’ अशी एक लांब चौकट.

नुसतं रिकामं राहिलं असतं तरी चाललं असतं. पंचाईत अशी की बरीच ॲप्स रिकामी चौकट गाळून पुढचा मजकूर डावीकडे ओढतात. गुरुवारची ओळ आमच्या हातात अशी आली आणि खरी अशी होती:

```
आलेली : मराठी | इंग्रजी | हिंदी | भूगोल | गणित | विज्ञान
खरी   : गणित | मराठी | इंग्रजी | हिंदी | भूगोल | गणित | विज्ञान | विज्ञान
```

आलेल्या ओळीतला एकही शब्द चुकलेला नाही, आणि तरी सगळेच तास चुकले आहेत. विषयाची मोजणी ही चूक पकडत नाही, कारण विषय तेवढेच राहतात, फक्त जागा सरकते. म्हणून मजकूर चिकटवल्यावर पहिलं काम ओळीतल्या चौकटी मोजण्याचं. आठ नसतील तर त्या ओळीत काहीही दुरुस्त करत बसू नये. ओळ पुसून फोटोवरून हाताने भरावी. तेच लवकर होतं.

एकत्र चौकट ओळखायची खूण रेघेत असते, अक्षरात नसते. फोटो मोठा करून दोन वारांमधली आडवी रेघ डावीकडून उजवीकडे बोटाने चालवत न्यायची. जिथे ती तुटते तिथे वरची आणि खालची चौकट एक. उभ्या रेघांचं तेच. फिकट छपाईत रेघ पुसट झालेली असली तर शेजारच्या चौकटी बघाव्यात: एकत्र केलेल्या चौकटीत मजकूर मधोमध असतो आणि दोन्ही बाजूंना प्रमाणाबाहेर मोकळी जागा दिसते. नुसती मोकळी चौकट असेल तर शेजारचं अक्षर आपल्याच चौकटीच्या मध्यावर असतं.

सुट्टीचे रकाने हाही एकत्र चौकटीचाच प्रकार. चौथ्या तासानंतर मोठी सुट्टी आणि सहाव्यानंतर छोटी, दोन्ही अरुंद उभे रकाने, आणि त्यांत ‘म धु र’ लिहावं तशी एकाखाली एक अक्षरं. ॲपने ‘मोठी सुट्टी’ची अक्षरं सहा वारांत वाटून टाकली होती. हे रकाने तक्त्यातून आधीच काढून टाकावेत आणि सुट्टी फक्त वेळेच्या सारणीत ठेवावी. नाहीतर पाचवा तास सहाव्या रकान्यात बसतो आणि पुढे प्रत्येक सूत्रात एक वजा करत बसावं लागतं.

वेळेची ओळ म्हणजे वरच्या मथळ्यातले आकडे. तिथे चूक सहज होते, कारण देवनागरी आकडे धूसर फोटोत फसवे असतात. ॲप इंग्रजी आकडे शोधत असेल तर ‘४’ला 8 समजतं आणि ‘१’ला 9. त्यावरचा इलाज वजाबाकीचा: प्रत्येक तास संपतो तिथेच पुढचा सुरू झाला पाहिजे. इथे पहिला तास हजेरीसह ४० मिनिटांचा, बाकीचे ३५ मिनिटांचे, मोठी सुट्टी ३० आणि छोटी १० मिनिटांची होती. सहाव्या तासाची वेळ चकाकीत गेली होती. पाचवा २.३० ला संपतो, छोटी सुट्टी ३.०५ ला सुरू होते, मधे बरोबर ३५ मिनिटं. सहावा तास २.३० ते ३.०५, यात अंदाज काहीच नाही. सगळं जुळवल्यावर ११.०० ला सुरू झालेली शाळा ४.२५ ला सुटते. फलकावर सुटण्याची वेळ वेगळी लिहिलेली असेल तर तीही ताडून बघता येते.

शनिवार मात्र या ओळीखाली बसत नाही. शनिवारची शाळा सकाळची होती, ७.३० ते १०.४५, पाच तास ३५ मिनिटांचे आणि तिसऱ्या तासानंतर २० मिनिटांची सुट्टी. पण तक्त्यात शनिवारचे तास त्याच रकान्यांत लिहिलेले, त्यामुळे कागदावर सुट्टी चौथ्या तासानंतर दिसते, आणि पाचव्या तासावर १.५५ ते २.३० अशी वेळ दिसते, जेव्हा मुलं घरी पोहोचलेली असतात. शिवाय शनिवारच्या सहा, सात, आठ या रिकाम्या चौकटी एकत्र करून तिथे ‘शाळा ७.३० ते १०.४५’ ही टीप लिहिली होती आणि ॲपने ती सहाव्या तासाचा विषय म्हणून उचलली. आम्ही वेळेची सारणीच दोन भागांत करतो, सोम ते शुक्र आणि शनि, आणि मुख्य तक्त्याच्या मथळ्यात फक्त तासाचा क्रमांक ठेवतो. वेळ मथळ्यात चिकटवली की शनिवारचं खोटं ठरलेलंच.

आता ‘चित्र/संग’ची चौकट. ही तिरकी रेघ तीन अर्थांनी येते. एक, एका आठवड्यात चित्रकला आणि दुसऱ्यात संगणक. दोन, त्याच वेळी अर्धा वर्ग चित्रकलेला आणि अर्धा संगणक कक्षात. तीन, रेघेआधी विषय आणि रेघेनंतर शिक्षक. तिसरा अर्थ इथे लागू नाही, कारण ‘संग’ आद्याक्षरांच्या यादीत नाही. पहिल्या दोहोंतून निवड करायला खालच्या सारणीची बेरीज मदतीला येते. आलटून-पालटून असतं तर चित्रकला दीड आणि संगणक दीड असं लिहिलं असतं आणि बेरीज ४५ च आली असती. दोन्हीकडे पूर्ण २ लिहिलेत आणि बेरीज ४६ आहे, म्हणजे एका जागेवर एकाच वेळी दोन तासिका चालतात. हा सुरुवातीचा जादा एक. तरीही अशी चौकट शाळेत विचारून पक्की करावी. ‘ह्या तासाला वर्ग दोन गटांत जातो ना?’ एवढाच प्रश्न पुरतो, कारण उत्तर काय येणार हे आपल्याला जवळजवळ ठाऊक असतं. काही शाळा सारणीत दीड न लिहिता दोन्हीकडे दोन लिहून मोकळ्या होतात, म्हणून ‘जवळजवळ’.

इतिहासाचा हरवलेला तास चकाकीखाली होता, मंगळवारी सहावा. बाकी सगळे विषय पूर्ण, इतिहास एकाने कमी आणि एकच चौकट अज्ञात, तेव्हा ती इतिहासाची. पण ही युक्ती एकाच अज्ञात चौकटीपुरती. दोन चौकटी झाकल्या असत्या आणि इतिहास एक, हिंदी एक कमी असती तर कोणती कुठे हे मोजून कधीच कळलं नसतं. तिथे दुसऱ्या वर्गाचं वेळापत्रक बघावं लागतं: हिंदीचे शिक्षक त्या दोनपैकी एका वेळी दुसरीकडे असतील तर उरलेली चौकट त्यांची. तेही नसेल तर चौकटीत ‘?’ ठेवून तक्ता पाठवावा. अंदाजाने भरलेला विषय पुढे कुणालाच अंदाज म्हणून ओळखू येत नाही.

शिक्षकांची आद्याक्षरं प्रत्येक चौकटीत विषयाखाली बारीक टायपात होती. त्यात ‘सु.का.’ आणि ‘सु.क.’ अशी दोन माणसं, फरक फक्त एका कान्याचा. फोटोत कान्याची उभी दांडी आणि चौकटीची रेघ एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ॲपने कुठे काना खाल्ला, कुठे लावला. अशी आद्याक्षरं चौकटीतून वाचूच नयेत. आधी विषय पक्का करावा आणि शिक्षक खालच्या सारणीतून घ्यावा: हिंदी म्हणजे सु.का., इतिहास आणि भूगोल म्हणजे सु.क.; झालं. चौकटीतलं वाचन फक्त ताळ्यासाठी ठेवावं.

ही सोय एक विषय एक शिक्षक असेल तिथेच चालते. विज्ञानाला सारणीत दोघं होते, न.जो. ५ आणि प्र.शे. २. प्रयोगाच्या लांब चौकटीत आद्याक्षरं लिहिलेलीच नव्हती. सरसकट विज्ञान म्हणजे न.जो. असं भरलं तर त्यांच्याकडे ७ तासिका जातात आणि प्र.शे. शून्यावर राहतात. विषयवार बेरीज मात्र बरोबर येते. म्हणून मोजणी विषयाची वेगळी आणि शिक्षकाची वेगळी, दोन्ही करायच्या. इथे न.जो. यांची आद्याक्षरं पाच चौकटींत स्पष्ट दिसत होती, उरलेल्या दोन म्हणजे गुरुवारचा प्रयोग.

हे सगळं करताना मजकूर थेट तक्त्यात भरायचा नाही, हा आमचा एकमेव हट्ट. आधी उभी यादी करायची, एका ओळीत एक तासिका: वार, तास, विषय, शिक्षक, गट. एकत्र चौकट असेल तर जितक्या जागा तितक्या ओळी, दोन गटांचा तास असेल तर एकाच जागेच्या दोन ओळी. यादी ४६ ओळींची झाली, म्हणजे मथळ्यासह ४७ व्या ओळीपर्यंत.

```
वार   तास  विषय     शिक्षक  गट
गुरु   6    गणित     अ.वि.
गुरु   7    विज्ञान   प्र.शे.
गुरु   8    विज्ञान   प्र.शे.
शुक्र   8    चित्रकला  मा.सा.  अ
शुक्र   8    संगणक    वि.ब.   ब
```

विषयाची मोजणी एका सूत्राने होते. `H2` मध्ये विषयाचं नाव आहे असं धरा:

```
=COUNTIF('यादी'!$C$2:$C$47,H2)
```

नाव दिसायला सारखं असूनही मोजणी कमी आली तर बहुधा शेवटी एक रिकामी जागा आहे, किंवा एकीकडे ‘शा.शि.’ आणि एकीकडे ‘शा. शि.’ आहे. पूर्ण नावं लिहिली की निम्मी भानगड मिटते. तासाचे आकडे यादीत आणि मथळ्यात एकाच लिपीत ठेवावेत, नाहीतर ‘७’ आणि ‘7’ एक आहेत हे सूत्राला पटेलच असं नाही. आणि जोडतासासाठी `7-8` असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. एक तास एक ओळ हा नियम पाळला की ते लिहावंच लागत नाही.

विषयाची आणि शिक्षकाची, दोन्ही मोजण्या खालच्या सारणीशी जुळल्या की मगच तक्ता. तो हाताने भरायचा नाही, यादीतून ओढायचा. डावीकडे `A` रकान्यात वार, पहिल्या ओळीत तास, आणि `B2` मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे आणि खाली ओढायचं:

```
=IFERROR(TEXTJOIN(" / ",TRUE,FILTER('यादी'!$C$2:$C$47&CHAR(10)&'यादी'!$D$2:$D$47,('यादी'!$A$2:$A$47=$A2)*('यादी'!$B$2:$B$47=B$1))),"")
```

`CHAR(10)` मुळे शिक्षकाची आद्याक्षरं विषयाखालच्या ओळीत येतात. त्यासाठी चौकटींना मजकूर गुंडाळण्याची सोय चालू करावी लागते. गुगल शीट्समध्येही हेच सूत्र चालतं. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत `FILTER` नाही, तिथे यादी गुगल शीट्समध्ये नेणं सोपं. शनिवारच्या शेवटच्या तीन चौकटी रिकाम्या येतात, तशाच राहू द्याव्यात.

तयार तक्ता फोटोशी ताडताना आडवं वाचू नये. भरताना सोमवार, मंगळवार असं आडवं गेलेलं असतं, तेव्हा त्याच दिशेने वाचलं की डोळा आपलीच चूक पुन्हा मान्य करतो. एकाने फोटोवरून पहिल्या तासाचा रकाना वरून खाली वाचावा, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवावं, मग दुसरा तास. डावीकडे सरकलेली ओळ अशा वाचनात पहिल्याच रकान्यात सापडते. याच फेरीत व्हाइटनर लावून वर पेनाने केलेले बदलही बघून घ्यावेत. छापलेल्या तक्त्यावर नंतर झालेला बदल खालच्या सारणीत बऱ्याचदा उतरलेला नसतो, तेव्हा नेमका एक विषय एकाने जास्त आणि दुसरा एकाने कमी दिसतो. अशी जोडी दिसली की चूक आपल्या वाचनात शोधण्याआधी व्हाइटनरचा डाग शोधावा.

एका वर्गाच्या तक्त्यातून शिक्षक दुसरीकडे अडकले आहेत का, हे कळत नाही. त्यासाठी सगळ्या वर्गांच्या याद्या एकाखाली एक जोडून `F` रकान्यात वर्ग लिहायचा आणि शेजारी हे सूत्र:

```
=COUNTIFS($A:$A,A2,$B:$B,B2,$D:$D,D2)
```

उत्तर १ आलं तर ठीक. २ आलं तर ते शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांत लिहिले गेले आहेत. आमच्या अनुभवात अशा ओळी बहुतेक ‘सु.का.’ आणि ‘सु.क.’सारख्याच निघतात, एखादीच खरी धडक असते. शनिवारी काही वर्ग सकाळी आणि काही दुपारी भरत असतील तर मात्र तासाचा क्रमांक सारखा असूनही वेळ वेगळी असते. तिथे तासाऐवजी सुरू होण्याची वेळ धरून मोजावं लागतं.